दिलदारांचं खरेदीखत

लिंबूकाकांनी पिशवीतून खरेदीखतांच्या प्रती काढल्या आणि वकीलबाईंच्या टेबलावर एकावर एक रचल्या. सगळ्यात महाग व्यवहार सगळ्यात वर. बाजारात टोपली मांडताना चांगली लिंबं वरच्या थराला ठेवायची सवय इतक्या वर्षांत हाताला लागली होती. आता लिंबं नव्हती, तरी हात काही ऐकत नव्हते.

लिंबं नव्हती, कारण लिंबांच्या बागेवरून रस्ता गेला होता. शहराला बाहेरून वळसा घालणारा मोठा रस्ता काढायचं ठरलं, तेव्हा नकाशावर मारलेली रेघ काकांच्या अडीच एकरांवरून सरळ गेली. झाडांचे पैसे वेगळे मिळाले, विहिरीचे वेगळे मिळाले, त्याबद्दल त्यांची फारशी तक्रार नव्हती. तक्रार होती ती जमिनीच्या दराची. भूसंपादन अधिकाऱ्याने निवाड्यात जो भाव लावला, तो वाचून काकांनी कागद उलटा करून मागेही पाहिला होता, उरलेला आकडा तिकडे लिहिला असेल म्हणून. पैसे घेतले, पण सही करताना ‘हरकत राखून’ असे दोन शब्द लिहिले, मुदतीत अर्ज केला, आणि प्रकरण वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयात आलं.

काकांना हवं होतं ते एकच. रस्त्यातून वाचलेल्या त्यांच्या तुकड्याला लागून शेजाऱ्याचं शेत होतं. शेजारी मुलाकडे राहायला चालला होता आणि त्याने काकांना शब्द दिला होता, की निकाल लागेपर्यंत शेत दुसऱ्याला दाखवणार नाही. निवाड्याच्या पैशात त्या शेताचा निम्मा भाग येत होता, आणि निम्मं शेत शेजारी विकणार नव्हता. ते शेत आलं तर काका पुन्हा बाग लावणार होते. नाही आलं, तर घरामागे चार झाडं लावून लिंबूकाका हे नाव नुसतं मिरवत बसायचं.

“हे कोणाचं?” वकीलबाईंनी वरची प्रत उचलली. त्या वयाने काकांच्या मुलीएवढ्या होत्या आणि बोलायच्याही तशाच, म्हणजे लाडाने आणि जराही दया न दाखवता.

“वाचा तर खरं. आकडा बघा.”

“आकडा छान आहे. तारीखही छान आहे. रस्त्याची अधिसूचना निघाल्यानंतरची. रस्ता येणार हे कळल्यावर भाव चढला, काका. तो भाव रस्त्याने आणला. रस्ता येण्याआधी तुमच्या जमिनीची किंमत काय होती, एवढंच न्यायालय बघतं.” त्यांनी ती प्रत बाजूला ठेवली.

दुसरी प्रत उचलली. ती भावाने बहिणीला विकलेल्या जमिनीची होती. घरातला व्यवहार बाजारभाव सांगत नाही, असं म्हणून त्यांनी तीही बाजूला केली. तिसऱ्यातली जमीन बाजारपेठेला लागून, शेतीतून आधीच काढलेली, घरांसाठी प्लॉट पाडलेली. चौथ्यातला विकणारा जप्तीच्या भीतीने मिळेल त्या भावात विकून मोकळा झाला होता, आणि तो भाव असाही काकांच्या उपयोगाचा नव्हता. काकांनी ती प्रत का आणली हे वकीलबाईंनी विचारलं, तेव्हा काका म्हणाले की गठ्ठा जाड दिसावा म्हणून.

गठ्ठा संपला. टेबलावर वकीलबाईंच्या चहाचा कप तेवढा राहिला.

मग त्यांनी काकांना खुर्ची पुढे ओढायला सांगून एकदा नीट समजावलं. दोन जमिनी एकमेकींशी ताडून बघायच्या, तर बाकी गोष्टी शक्य तितक्या सारख्या हव्यात. जागा जवळची, माती आणि पाणी सारखं, व्यवहार अधिसूचनेच्या आधीचा पण फार जुना नको, विकणाऱ्याला विकायची घाई नको आणि घेणाऱ्याला घ्यायचं वेड नको. दोघांनी शुद्धीत राहून ठरवलेली किंमत म्हणजे बाजारभाव. आणि हे सिद्ध करायचं काम काकांचं. सरकारचा भाव चुकीचा आहे असं नुसतं म्हटल्याने तो चुकीचा ठरत नाही.

“पण सरकारने तो आणला कुठून?” काकांनी विचारलं.

हा प्रश्न यायचाच होता, आणि वकीलबाई त्याचीच वाट बघत असाव्यात. त्यांनी निवाड्याच्या मागे जोडलेली यादी काढली. सरकारनेही खरेदीखतंच बघितली होती. त्याच शिवारातली, अधिसूचनेच्या आधीची. मुद्रांक शुल्क वाचवायला लोक खरेदीखतात किंमत निम्मी लिहितात आणि उरलेली हातात देतात, हे सगळ्या शिवाराला ठाऊक होतं. कागदाला ते ठाऊक नव्हतं. अधिकाऱ्याने कागद वाचले आणि त्यांची सरासरी काढली.

“यातलं तिसरं नाव वाचा,” वकीलबाई म्हणाल्या.

काकांनी चष्मा चढवला. तिसरं नाव त्यांचंच होतं. बागेला लागून एक पट्टी त्यांनी मध्यंतरी घेतली होती, किंमत निम्मी लिहिली होती, आणि त्या हुशारीबद्दल स्वतःलाच शाबासकी देत घरी जाताना बायकोला साडीही घेतली होती. आता तीच पट्टी सरकारच्या बाजूने साक्ष द्यायला उभी होती.

“मी सांगेन की खरी किंमत दुप्पट होती.”

“सांगा की. शपथेवर सांगा, की तुम्ही नोंदणी कार्यालयात खोटं लिहिलं. मग पुढचं सगळं खरं माना असं मी न्यायाधीशांना हात जोडून सांगते.”

काकांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

आता वकीलबाईंनी आपल्या कपाटातून एक प्रत काढली. नोंदणी कार्यालयाची सूची चाळताना त्यांना ती सापडली होती. दहा गुंठे, काकांच्या बागेच्या पुढचंच शेत ओलांडलं की जुन्या रस्त्याला लागून. माती तीच, पाणी तेच, अधिसूचनेच्या बऱ्याच आधीचा व्यवहार. गुंठ्याचा भाव निवाड्याच्या तिप्पट. अख्ख्या शिवारात पूर्ण किंमत लिहून पूर्ण शुल्क भरलेला हा एकच माणूस त्यांना दिसला होता. हा कोण संत?

काकांनी छताकडे पाहिलं. “तो आमचा साडू.”

“मग तर सोपं झालं.”

“नाही ना,” काका म्हणाले.

*

काकांच्या साडूंचं शहरात रंगाचं दुकान होतं आणि सगळे त्यांना दिलदार म्हणत. हे नाव लोकांनी दिलं की त्यांनीच लोकांना सुचवलं, याबद्दल घरात दोन मतं होती. दिलदार हॉटेलात बिल हातात आलं की न वाचता पैसे ठेवत. रिक्षावाल्याला सुटे परत मागत नसत. “पैशाकडे मी बघत नाही” हे वाक्य ते अशा सुरात म्हणत, की ऐकणाऱ्यालाच आपण पैशाकडे बघतो याची लाज वाटावी. खरेदीखतात पूर्ण किंमत त्यांनी लिहिली होती तीही याच सुरात. मोठा आकडा कागदावर शोभून दिसतो असं त्यांचं म्हणणं होतं.

तो दहा गुंठ्यांचा तुकडा काकांनाही हवा होता. मालक आज ना उद्या खाली येईल म्हणून ते थांबले होते, आणि ते थांबलेले असतानाच दिलदारांनी तो घेऊन टाकला. तेव्हापासून काकांनी एक गोष्ट रचली होती आणि लग्न असो, बारसं असो, चार माणसं बसली की ती सांगायची हा त्यांचा नेमच झाला होता. मालकाने भाव सांगितला, तर आमच्या साडूभाऊंनी विचारलं, एवढ्यात भागेल ना तुमचं? मालक घरी जाऊन बायकोला म्हणाला, आज गिऱ्हाईक सापडलं. लोक हसायचे. दिलदार स्वतःही हसायचे, आणि पुढच्या वेळी काकांनी गोष्ट काढली नाही, तर आठवण करून द्यायचे. त्या गोष्टीत ते मूर्ख असतील, पण मोठ्या मनाचे मूर्ख होते.

तेव्हा आता ज्या व्यवहाराची काकांनी वर्षानुवर्षं टिंगल केली, तोच व्यवहार शहाणपणाचा होता हे त्यांना न्यायालयात सिद्ध करायचं होतं. खरेदीखताची प्रमाणित प्रत दाखल करणं सोपं होतं. पण तो भाव कसा ठरला, हे सांगायला व्यवहारातलं कोणीतरी हवं होतं. विकणारा मालक मागच्याच वर्षी वारला होता. उरले दिलदार.

काका दुकानात गेले, तेव्हा दिलदार एका गिऱ्हाइकाला पिवळ्याच्या छटा दाखवत होते. साक्षीचं ऐकताच त्यांनी छटांचं पुस्तक मिटलं. साडूभाऊंसाठी साक्ष तर काय, म्हणाल ते करू, दिवसभर दुकान बंद ठेवू, नुकसानीचं काही मनात आणू नका. चहा आला, बिस्किटं आली. काका बिस्किट बुडवता बुडवता म्हणाले, की फक्त भाव कसा ठरला तेवढं सांगायचं आहे.

“ठरवायचं काय त्यात? त्याने मागितले, मी दिले.”

काकांचं बिस्किट चहात पडलं.

आठवड्याने दोघे वकीलबाईंकडे गेले, तिथेही तेच. दिलदार खुर्चीत ऐसपैस बसले आणि म्हणाले, की मी त्या मालकाला सांगून टाकलं, तुम्हाला योग्य वाटेल तो आकडा लिहा. आमच्या मंडळींना बहिणीजवळ जागा हवी होती, तिथे पैशाचा प्रश्नच येत नाही. वकीलबाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. मग त्यांनी दिलदारांना अगदी गोड आवाजात सांगितलं, की याला हौसेची किंमत म्हणतात. एखाद्याला एखादी जागा मन बसलं म्हणून कोणत्याही भावाला हवी असते. ती किंमत त्या माणसाची, बाजाराची नव्हे. हे असंच झालं असेल, तर ते खरेदीखत काकांच्या कामाचं नाही.

“असंच झालं?” त्यांनी विचारलं.

दिलदारांनी एकदा वकीलबाईंकडे, एकदा काकांकडे पाहिलं. काकांच्या चेहऱ्यावर त्या गोष्टीचा शेवट होता, गिऱ्हाईक सापडल्याचा. “असंच,” दिलदार म्हणाले.

बाहेर पडताना वकीलबाईंनी काकांना मागे थांबवलं. साक्षीदाराच्या तोंडात आपण शब्द घालायचे नाहीत, हे त्यांनी बजावलं. जे झालं तेच त्याने सांगायचं. “पण मला जे झालं ते सगळं हवं. तुमचे साडू मला त्यातलं शोभेचं तेवढं देतायत.”

*

झालं ते सगळं काकांना त्याच संध्याकाळी कळलं, आणि कळलं ते भलतीकडूनच. त्यांची बायको फोनवर बहिणीशी बोलत होती. आधी मसाल्याचा डबा, मग पाठदुखी, मग हळूच विषय जमिनीवर आला आणि पलीकडून एवढं मोठं हसू आलं की काकांना ते खाटेवर बसूनही ऐकू आलं.

ताई सांगत होती, अगं, कसलं मागितलं आणि कसलं दिलं. या माणसाने त्या मालकाला रडवायचं बाकी ठेवलं होतं. पाच-सहा वेळा गेले असतील. दरवेळी नवीन खोट. एकदा म्हणाले माती चिकट, एकदा म्हणाले रस्त्याचा आवाज. आसपासच्या दोन जागा बघून आले, त्यांचे भाव विचारून आले आणि ते मालकाच्या तोंडावर फेकले. एकदा तर सौदा तोडून निघाले आणि बसथांब्यावर मुद्दाम उन्हात उभे राहिले, मालक बोलवायला येतो का बघत. आला. तेव्हा कुठे भाव उतरला. मला म्हणाले, हे बाहेर बोलायचं नाही.

फोन ठेवल्यावर काका उठून उभेच राहिले. एवढ्या आनंदाची बातमी आणि सांगायची कोणाला?

“कोणालाच नाही,” बायको म्हणाली. “ताईचं नाव निघालं तर तिकडे महिनाभर अबोला. आणि तुम्ही त्यांना ‘मला सगळं कळलंय’ असं नुसतं बघितलंत, तरी त्यांना कळेल कोणी सांगितलं.”

“अगं, मग शेत?”

“तुम्ही इतकी वर्षं त्यांची गोष्ट सांगत फिरलात. आता ते तुमचीच गोष्ट सांगतायत. त्यात त्यांचं काय चुकलं?”

 काकांनी जाऊन पाण्याच्या मोटारीचं बटण तपासलं, जे बंद होतं.

तरी वकीलबाईंना त्यांनी आडून आडून एवढं सांगितलं, की साडू बोलतात तेवढे उदार नसावेत. वकीलबाईंनी विचार केला आणि दिलदारांचं नाव साक्षीदारांच्या यादीत ठेवलं. माणूस खोटं बोलणारा वाटत नाही, त्या म्हणाल्या, फक्त मिरवणारा आहे. मिरवणाऱ्याला कोणीतरी टोचलं की तो खरं बोलतो. टोचायचं काम मात्र आपलं नाही. ते सरकारी वकील करतील तर करतील.

*

न्यायालयाच्या खोलीत पंखा जितका आवाज करत होता तितका वारा देत नव्हता. काकांची साक्ष आधीच्या तारखेला झाली होती. तीत त्यांना स्वतःच्या पट्टीबद्दल विचारलं गेलं होतं आणि त्यांनी इतकं हळू उत्तर दिलं होतं, की न्यायाधीशांना दोनदा पुन्हा बोलायला सांगावं लागलं होतं. मोजणीदाराने नकाशा दाखवून दोन जमिनींमधलं अंतर सांगितलं होतं. आज दिलदारांची पाळी होती. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते आणि शिपायालाही वाकून नमस्कार करून आत आले होते.

वकीलबाईंनी मोजकंच विचारलं. खरेदीखतावरची सही तुमचीच? होय. किंमत पूर्ण लिहिली आहे ती खरोखर दिली? होय, बँकेतून. मालक तुमच्या नात्यातला होता का? नाही, आधी ओळखही नव्हती. भाव कसा ठरला? इथे दिलदारांनी हाताने हवेत एक गोल काढला आणि म्हणाले, बोलणी झाली. टंकलेखकाने हाताचा गोल सोडून बाकीचं लिहिलं.

मग सरकारी वकील उठले. ते गोल चेहऱ्याचे, हसरे गृहस्थ होते आणि त्यांनी घरचा अभ्यास चांगला केला होता.

“तुम्हाला सगळे दिलदार म्हणतात, नाही का?”

“लोकांचं प्रेम आहे.”

“पैशाकडे तुम्ही बघत नाही, असं ऐकलंय.”

दिलदारांची छाती फुगली. बाकावर काकांनी डोळे मिटले. वकीलबाई आपल्या कागदांकडे बघत होत्या, जणू दुसऱ्याच कोणाचा खटला चालू होता.

“आता या वयात काय बघायचं पैशाकडे,” दिलदार म्हणाले.

“बरोबर. आणि पत्नीला बहिणीच्या शेजारी जागा हवी होती. तेव्हा ही जागा तुम्हाला हवीच होती.”

“तिला हवी होती खरी.”

सरकारी वकिलांनी मान हलवली. आणखी दोन पावलं अशीच टाकून ते थांबले असते, तर शेजाऱ्याचं शेत त्या दिवशीच दुसऱ्याचं झालं असतं. पण माणसाला सगळं आयतं मिळत असलं की तो आणखी थोडं मागतोच. ते हसत हसत म्हणाले, “म्हणजे मालकाने तोंडाला येईल तो आकडा सांगितला आणि तुम्ही दिला. तुमचे हे साडूच चार लोकांत सांगतात ना, की मालकाला आयतं गिऱ्हाईक सापडलं? माझं म्हणणं एवढंच, की तुम्हाला बाजारातलं काही कळत नव्हतं आणि त्याने तुम्हाला लुटलं.”

खोलीत कोणीतरी हसलं.

ही गोष्ट लग्नात ऐकणं वेगळं. तिथे जेवण असतं, आपली माणसं असतात. इथे ती एक परका माणूस काळ्या कोटात सांगत होता, आणि टंकलेखक ती लिहून घेत होता. दिलदारांचं हसू जागच्या जागी राहिलं आणि त्याच्या मागून हळूहळू दुसराच माणूस वर आला. तो रंगाच्या दुकानाचा मालक होता. कंपनीच्या एजंटाला तासभर उभा ठेवून शेवटचा पैसा काढून घेणारा.

“मला लुटलं?” दिलदार म्हणाले. “साहेब, मला?”

मग ते थांबले नाहीत. मालकाने पहिला आकडा काय सांगितला आणि आपण त्याच्या निम्मा सांगून चहा न पिता कसे उठलो, इथपासून त्यांनी सुरुवात केली. दोन जागा बघितल्या, त्या कोणत्या, त्यांचे भाव काय, हे त्यांनी न विचारता सांगितलं. माती हातात घेऊन मालकाला कशी दाखवली ते हातवारे करून सांगितलं. बसथांबा आला. ऊन आलं. मालकाचा पुतण्या सायकलवरून बोलवायला आला आणि आपण लगेच गेलो नाही, एक बस जाऊ दिली, हेही आलं. न्यायाधीशांनी एकदा हात वर करून टंकलेखकाला वेळ द्यायला सांगितलं. दिलदार तेवढ्यापुरते थांबले, श्वास घेतला आणि जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे निघाले.

“जागा बायकोला हवी होती, साहेब. पैसे माझे होते. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.”

काकांनी डोळे उघडले होते. त्यांना एवढा अभिमान स्वतःच्या मुलीच्या निकालाच्या दिवशीही वाटला नव्हता. आपण मालक खाली येण्याची वाट बघत घरात बसलो, आणि हा माणूस जाऊन त्याला खाली घेऊन आला. त्यात थोडी जळजळही होती, पण ती त्यांनी पुढे कधीतरी सवडीने करायची ठेवली.

“आणि एवढं करूनही,” दिलदार म्हणाले, “विहिरीवरचा पंप, सगळे पाइप आणि पंपाची खोली मी त्याच किमतीत घेतली. वेगळा एक पैसा दिला नाही.”

सरकारी वकील खाली बसत होते, ते अर्ध्यात थांबले. त्यांचं हसू परत आलं.

“म्हणजे खरेदीखतात लिहिलेल्या किमतीत पंप, पाइप आणि खोलीही धरली आहे?”

“अर्थात. सोडीन होय मी?”

“एवढंच विचारायचं होतं.”

काकांना आधी कळलंच नाही की काय झालं. मग वकीलबाईंनी कागदाच्या कोपऱ्यावर काहीतरी वजा केलेलं त्यांना दिसलं. तो भाव नुसत्या जमिनीचा नव्हता. साडूभाऊंनी त्यांना शेत मिळवून दिलं होतं आणि त्याच दमात त्यातले दोन वाफे परत काढून घेतले होते.

*

निकाल यायला पावसाळा गेला आणि थंडीही सरत आली. वकीलबाईंनी काकांना बोलावून घेतलं आणि आधीच सांगितलं, की पूर्ण ऐकल्याशिवाय चेहरा करायचा नाही.

न्यायालयाने दिलदारांचं खरेदीखत मानलं होतं. व्यवहार अधिसूचनेच्या आधीचा, जमीन जवळची, किंमत घासाघीस करून ठरलेली. साक्षीदार काकांचा नातेवाईक असला तरी विकणाऱ्याशी त्याचं नातं नव्हतं, आणि उलटतपासणीत त्याने जे सांगितलं ते कोणी पढवून वदवून घेण्यासारखं नव्हतं, असंही लिहिलं होतं. मग वजाबाकी सुरू झाली. पंप, पाइप आणि खोलीचे आधी गेले. उरलेल्या भावातून आणखी कापलं, कारण दिलदारांची जागा दहा गुंठ्यांची आणि जुन्या रस्त्याला लागून, काकांची अडीच एकर आणि आतली.

“लहान तुकड्याचा भाव मोठ्या जमिनीला तसाच लागत नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “डझनभर लिंबांचा भाव तुम्ही पोत्याला लावता का?”

“घेणारा वेडा असला तर लावतो,” काका म्हणाले. पण हा हिशोब त्यांना समजला होता आणि म्हणूनच आवडला नव्हता. जन्मभर हाच हिशोब त्यांनी व्यापाऱ्यांशी भांडताना उलट्या बाजूने केला होता.

शेवटी भाव निवाड्याच्या दीडपटीहून थोडा वर येऊन थांबला. तिप्पट मागितला होता. पण त्यावर कायद्याने मिळणारी जादा रक्कम आणि इतक्या दिवसांचं व्याज होतं. ते सगळं धरून शेजाऱ्याचं शेत येत होतं. कुंपण तेवढं पदरचं घालावं लागणार होतं. सरकार वर अपील करू शकतं, हे वकीलबाईंनी सांगितलंच. पण त्यांना ते होईलसं वाटत नव्हतं, कारण सरकारी वकिलांनाच निकाल बरा वाटला होता. पंप सापडल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर अजून होतं म्हणे.

काका तिथून थेट रंगाच्या दुकानात गेले. दिलदारांनी निकालाचे कागद हातात घेतले, आकड्याचं पान वाचलंच नाही. “माझ्याबद्दल काय लिहिलंय?”

काकांनी ते पान काढून दिलं. तिथे लिहिलं होतं, की सदर खरेदीदार हा व्यवहारी, सावध आणि किमतीबाबत जागरूक असून त्याने हौसेपोटी जादा किंमत दिल्याचे दिसून येत नाही.

दिलदारांनी ते दोनदा वाचलं. मग दुकानात कोणी ऐकत नाही ना हे बघितलं. “हे छापून येतं का कुठे?”

“नाही हो. फायलीत राहतं.”

“पण त्या दिवशी खोलीत बरेच लोक होते.” ते कागदाची घडी घालत राहिले, जितकी बारीक होईल तितकी. “परवा नेहमीचा सुतार आला होता. मी पाचशेची नोट दिली तर त्याने उरलेले सगळे पैसे टेबलावर मोजून ठेवले. आधी कधी असं करायचा नाही. मीही उचलले. काय करणार, त्याने मोजले होते ना.”

काकांना हसू आलं, पण ते त्यांनी चहाच्या कपात सोडलं. या माणसाने शेत मिळवून देताना काय गमावलं, हे त्यांना आत्ता दिसत होतं. आणि ते कोणत्याही वाढीव मोबदल्यात भरून येणारं नव्हतं.

“साडूभाऊ,” दिलदार म्हणाले, “तुम्ही ती गोष्ट सांगता ना? माझी. एवढ्यात भागेल ना तुमचं, ती.”

“आता नाही सांगणार. चुकलंच माझं इतकी वर्षं.”

“छे, छे.” दिलदार घाईघाईने पुढे वाकले. “तुम्ही आपली तीच सांगत जा.”

पुढच्या महिन्यात शेजाऱ्याच्या शेताची नोंदणी झाली. काकांनी पूर्ण किंमत लिहिली, शुल्क भरताना वाकून पोट धरल्यासारखं केलं, पण भरलं. त्यानिमित्त घरी चार माणसं जेवायला बोलावली. जेवणं होत आली तसं कोणीतरी दिलदारांकडे बघून बसथांब्याचा विषय काढला, उन्हात किती वेळ उभे होतात म्हणून. दिलदारांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि खाली ठेवला.

काकांनी ताटावरून हात उचलला. “कसला बसथांबा? वकिलाने असं बोल म्हटलं म्हणून बोलले ते. झालं काय ते मी सांगतो. मालकाने भाव सांगितला, तर आमच्या साडूभाऊंनी काय विचारलं?”

स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोने एवढ्यात काहीतरी पाडलं. “शपथेवर सांगितलं होतं हो ते,” वाढायला आलेली मुलगी पुटपुटली. पंगतीत कोणाचा विश्वास बसला नव्हता, हे सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. काका तरी गोष्ट शेवटपर्यंत सांगत राहिले, पहिल्यापेक्षा जास्त रंगवून, आणि दिलदार सगळ्यांच्या आधी, सगळ्यांत मोठ्याने हसले.